काठावरच्या काकांचा खरा अभिप्राय

प्रकाशकाच्या कचेरीत त्यांना तोंडावर सगळे 'काका' म्हणायचे आणि पाठ वळली की 'काठावरचे काका'. हे दुसरं नाव काकांना ठाऊक होतं. पण आपल्याला ठाऊक आहे हे कुणाला कळलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून ते ठाऊक नसल्यासारखे वागायचे.

नाव पडायला कारणही तसंच होतं. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून काका निवृत्त झाले, तेव्हा प्रकाशनाच्या मालकांनी त्यांना घरबसल्या एक काम दिलं. नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचायची आणि अभिप्राय लिहून पाठवायचा. नऊ वर्षांत काकांनी शंभरावर अभिप्राय लिहिले आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा शेवट एकाच वाक्याने केला: 'तरी विचार व्हावा.' एकदा मालकांनी फोन करून विचारलं, "काका, विचार व्हावा म्हणजे पुस्तक घ्यायचं की परत करायचं?"

काका म्हणाले, "दोन्हीचा व्हावा."

त्या दिवसापासून ते काठावर बसले ते बसलेच.

अभिप्रायाचा एक पिवळा फॉर्म होता. वर 'गोपनीय' छापलेलं. खाली चार रकाने: आवाज, मांडणी, नावीन्य आणि वाचकांसाठी तयारी. तळाला तीन चौकोन: घ्यावे, दुरुस्तीनंतर पुन्हा पाहावे, नको. कचेरीतल्या संपादकबाई हस्तलिखितावरचं लेखकाच्या नावाचं पान काढून आपल्या खणात ठेवायच्या आणि बाकीचा गठ्ठा काकांकडे पाठवायच्या. नाव दिसलं की वाचणाऱ्याचा तोल जातो, असं त्यांचं म्हणणं. हस्तलिखितावर पेन्सिल टेकवायलाही बंदी होती, कारण नापसंत झालं तर ते लेखकाला परत जाणार.

म्हणून काका वेगळा कागद घ्यायचे. जुन्या मुद्रितांची कोरी पाठ. त्याला ते 'रफ' म्हणत. रफवर मनात येईल ते, येईल तसं. कुठे हसू आलं, कुठे जांभई आली आणि मुख्य म्हणजे कुठे खुर्चीतून उठलो. या शेवटच्या नोंदीवर काकांचा फार विश्वास. मन खोटं बोलतं, डोळे खोटं बोलतात, पण पाय खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. पुस्तक कंटाळवाणं झालं की माणसाला तहान लागते, खिडकी बंद करावीशी वाटते, कुणी बेल वाजवली का ते बघावंसं वाटतं. साधारण बऱ्या कादंबरीला काका चाळीसेक वेळा उठायचे. एका ऐतिहासिक कादंबरीला तर त्यांनी मधे माळा आवरला होता.

फॉर्म भरून झाला की रफ फाडून टाकायचा. तो आजवर एकट्या ताईने पाहिला होता. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दोघांचेही जोडीदार देवाघरी गेल्यापासून बहीणभाऊ एकत्र राहत. ताई म्हणायची, "रफवर तू माणूस असतोस रे. फॉर्मवर गेलास की नळ बंद राहील अशी नोटीस होतोस."

तर एका सोमवारी गठ्ठा आला. दोनशे बारा पानं. नाव होतं, 'खिशात सापडलेलं'. लिहिणारी कुणी बाई सव्वीस वर्षं लाँड्री चालवत होती आणि धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशांतून काय काय निघालं ते सांगत होती. एका वकिलाच्या कोटात दुधाचा दात. एका पैलवानाच्या पँटमध्ये लोकरीची सुई आणि अर्धा मोजा. एकाच माणसाच्या सात शर्टांत सात वेगवेगळे राजीनामे, सगळे अर्धवट. दुकानाचा नियम असा की खिशात सापडलेलं सगळं पाकिटात घालून, वर पावतीचा नंबर टाकून परत द्यायचं. आणि कागद असेल तर वाचायचा नाही.

काका तिसऱ्या पानावर ताठ बसले. एकोणिसाव्या पानावर चहा नाकातून आला. एकशेएक्केचाळीसाव्या पानावर, चौदाव्या प्रकरणात, एक अबोला धरलेलं जोडपं आलं. नवरा-बायको एकमेकांशी बोलेनात, म्हणून आपापली तक्रार चिठ्ठीवर लिहून धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या खिशात ठेवायचे, समोरच्याने कपडे आणल्यावर वाचावी म्हणून. लाँड्रीबाईंनी त्या चिठ्ठ्या वाचल्या. त्यांना वाटलं, आपण मिटवू या हे. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, एका चिठ्ठीतली शेवटची ओळ कापली, आणि त्या घरात असं काही भांडण पेटलं की शेजारच्या तीन घरांनी त्यात बाजू घेतल्या. कागद न वाचण्याचा नियम तेव्हापासूनचा.

"अरे, दूध," ताई आतून ओरडली.

काका हलले नाहीत. दूध शांतपणे शेगडीवर उतरलं.

ताईने शेगडी पुसली, उरलेलं दूध पुन्हा ठेवलं आणि सांगितलं, "आता बघ हं, मी आंघोळीला जातेय."

ती आंघोळ करून आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता आणि काका खुर्चीसकट जमिनीवर होते. खांदे गदगदत होते. ताईचा जीव घाबरा झाला. "काय होतंय? छातीत का?"

"नाही," काका कसेबसे म्हणाले, "शेजाऱ्यांनी... बाजू घेतल्या."

त्या दिवशी ताईने अर्धं प्रकरण काकांकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि दुधाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका फॉर्म भरायला बसले आणि त्यांना नेहमीची शंका आली. इतकं आवडलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असणार. पहिल्या वर्षी असंच एक पुस्तक त्यांना मनापासून आवडलं होतं. तीन चौकोनांतल्या 'घ्यावे'वर त्यांनी ठसठशीत खूण केली होती. त्याच्या न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे अजून कचेरीच्या गोदामात होते. हिशेबनीस त्यांच्यावर जेवणाचा डबा ठेवायचा. काका कचेरीत गेले की हमखास तो डबा दिसायचा.

त्यांनी फॉर्मवर लिहिलं: 'आवाज बरा, क्वचित घरगुती. मांडणीत सुधारणेस वाव. विषय वेगळा, परंतु वाचकवर्गाविषयी साशंकता. सध्या नको, तरी विचार व्हावा.' चौकोनांत खूण केलीच नाही. एकशेएक्केचाळीसावं पान पुन्हा एकदा बघावं म्हणून त्यांनी गठ्ठा उघडला, हातातला रफ तिथे खुणेला घातला, ते पान वाचून पुन्हा हसले, आणि हसतच गठ्ठ्याला दोरी बांधली.

मालकांना त्या आठवड्यात घाई होती. त्यांनी 'सध्या नको' एवढंच वाचलं. संपादकबाईंनी खणातलं नावाचं पान पुन्हा वर लावलं आणि नेहमीचं नकाराचं पत्र जोडून गठ्ठा परत पाठवला.

आठ दिवसांनी काकांना फोन आला. "काका, जरा या," संपादकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज विचित्र होता, हसू दाबल्यासारखा. "लाँड्रीवाल्या लेखिका आल्या आहेत. त्यांच्याकडे तुमचं काहीतरी सापडलंय."

काकांनी बसल्या जागी ओळखलं. रफ फाडल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी ताईकडे पाहिलं. "ताई, मी आजारी आहे असं सांग."

"मी सांगेन की तू पळून गेलास," ताई म्हणाली. "कोट घाल."

कचेरीत मालकांच्या टेबलासमोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. साडीची घडी अशी की बोट लावलं तर कापेल. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडलेले: एक नकाराचं पत्र, दुसरा रफ.

"हे एकाच पुस्तकाबद्दल आहे ना?" बाईंनी काकांना विचारलं. "मला वाटलं, आमच्याकडे होतं तसं झालं असेल. एकाचे कपडे दुसऱ्याच्या गाठोड्यात."

"तो कागद तुमच्यासाठी नव्हता. तो माझा रफ, दर वेळी फाडून टाकतो," काका टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाले.

"ते दिसलंच. त्या भांडणानंतर इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे कागद न वाचता परत केले. पण हा माझ्याच गठ्ठ्यात होता, म्हणून वाचला. सात वेळा."

मालकांनी चष्मा चढवला. "मी अजून एकदाही वाचलेला नाही," ते म्हणाले आणि मोठ्याने वाचू लागले.

"पान तीन. आवाज आला. या बाईंनी लिहिताना कुणाची परवानगी मागितलेली नाही. पान एकोणीस. दाताचा प्रकार. चहा नाकातून. पान चाळीस ते एकाहत्तर. बालपण. सगळ्यांचंच असतं. इथे मी नखं कापली."

"तेवढं लागलं मला," बाई म्हणाल्या.

"पान अठ्ठ्याऐंशी. 'आयुष्य म्हणजे एक वस्त्र.' अरेरे. हे बाई बोलत नाहीत, बाईंनी भाड्याने आणलेलं कुणीतरी बोलतंय. पान एकशेएक्केचाळीस. दूध उतू गेलं. पान एकशेत्रेपन्न. दूध पुन्हा. मांडणी: कागद न वाचण्याचा नियम पहिल्या प्रकरणापासून आणि त्याचं कारण चौदाव्यात. तोवर अर्धे वाचक निघून गेलेले असतील. हे दुसऱ्या प्रकरणात आणा. तयारी: शेवटची तीन पानं उपदेश. कापा. नावीन्य: असं पुस्तक पाहिलेलं नाही. खुर्चीतून उठणे: एकदा. तेही पडलो म्हणून."

मालकांनी कागद खाली ठेवला. संपादकबाई पदर तोंडाला लावून कपाटाकडे बघत होत्या. दारात हिशेबनीस डबा हातात घेऊन उभा होता.

"नऊ वर्षं," मालक हळूच म्हणाले. "नऊ वर्षं काका मला पिवळ्या फॉर्मवर वाटाण्याच्या अक्षता लावतायत आणि हे फाडून टाकतायत."

"मी पण एक फॉर्म भरून आणलाय," लाँड्रीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कपड्यांची पावती काढली. तिच्या मागे बारीक अक्षरात चार रकाने आखलेले होते. "रकाने यांच्याच कागदावरून घेतले. तुमच्या पत्राचा अभिप्राय आहे. वाचू का?"

मालकांनी मान हलवली.

"आवाज: रफ कागदाला आहे, पत्राला नाही. पत्रातला माणूस कोट घालून पोहतोय. मांडणी: 'आपले आभारी आहोत' ही पहिलीच ओळ. तिथेच शेवट कळतो. नावीन्य: असं पत्र मला आधी चार प्रकाशकांकडून आलंय. यात फक्त पत्ता वेगळा आहे. तयारी:" इथे त्या थांबल्या आणि पहिल्यांदा थोड्या लाजल्या. "हे पत्राबद्दल नाही, रफ लिहिणाऱ्याबद्दल आहे. तयारी: अजून नाही. पण परत पाठवू नये."

काकांचे कान तापले. इतक्या वर्षांत आपल्यावर कुणी अभिप्राय लिहील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तो न्याय्य होता, हीच पंचाईत होती.

"काका," मालक म्हणाले, "आता मला तोंडाने सांगा. काय करू या?"

"विचार..." काका म्हणाले.

"तो सोडून."

काकांनी डब्याकडे पाहिलं. हिशेबनिसाने डबा पाठीमागे लपवला. मग काका बोलायला लागले, आणि बोलता बोलता टेबलाच्या पायावरून त्यांची नजर वर आली. आवाज बाईंचा स्वतःचा आहे, ते म्हणाले, तो कुणी शिकवू शकत नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही. फक्त जिथे त्या साहित्यिक व्हायला जातात तिथे इस्त्री जास्त गरम होते, ती वाक्यं काढायची. मांडणी दुरुस्त होण्यासारखी आहे. वर्षांच्या क्रमाने सांगायची गरजच नाही, खिसे काही वर्षांच्या क्रमाने येत नाहीत. बालपण जाऊ द्यावं.

"बालपण जाणार नाही," लाँड्रीबाई म्हणाल्या.

"बत्तीस पानं आहेत."

"त्यात माझी आई कपडे धुते."

काका विचारात पडले. "मग आई कपडे धुते तेवढंच ठेवा. तुमची शाळा कशाला? शाळेत तुम्ही कुणाचे खिसे तपासत नव्हता."

"तपासत होते," बाई म्हणाल्या. "लिहायचं राहिलं."

"मग ते लिहा," काका जवळजवळ ओरडलेच, आणि स्वतःच्या आवाजाला दचकून खाली बसले.

ठरलं ते असं. दुरुस्तीला दोन महिने. नवं हस्तलिखित काकाच वाचतील. आणि मालकांनी बोट वर करून सांगितलं, "या वेळी तीनपैकी एका चौकोनात खूण. काका, तुम्ही 'घ्यावे' म्हणालात तर मी घेणार. 'नको' म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. काठ मी काढून टाकलाय."

ते दोन महिने काकांना नीट झोप लागली नाही. ताई मात्र मजेत होती. घरातली चादर न् चादर ती त्या लाँड्रीत टाकायला लागली. परत येताना बातमी आणायची. "चौदावं प्रकरण चौथं झालं म्हणे. तुझं अर्धंच ऐकलं तिने. दुसरं नाही करणार, तीन प्रकरणं लोकांना नियम खुपला पाहिजे, मग कारण सांगायचं, म्हणाली."

काकांनी डोळे मिटून मनात ते रचून पाहिलं. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले, आणि त्यांना आपलं चूक ठरल्याचा विचित्र आनंद झाला.

नवा गठ्ठा आला. एकशेशहात्तर पानं. काकांनी तो तीन दिवसांत वाचला. चौथ्या दिवशी फॉर्म भरला, खूण केली, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मालकांना तो नेऊन द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी खुंटीवर कोट नव्हता.

"चहाचे डाग होते पुढे," ताई म्हणाली. "मालकांसमोर तसा जाणार होतास? सकाळीच टाकून आले."

"कुठे?"

ताईने तोंडाला हात लावला. उत्तराची गरज नव्हती. काका सदऱ्यावरच निघाले. चपला दोन पायांत दोन जोडांच्या होत्या. अर्धा रस्ता त्यांनी स्वतःला समजावलं की फॉर्म एव्हाना पाण्यात विरघळला असेल, आणि उरलेला अर्धा रस्ता त्याच विचाराने त्यांना रडू येत होतं.

लाँड्रीत चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. दुकानात जळक्या कापडाचा वास सुटला होता. गल्ल्याजवळ एक बंद पाकीट उभं करून ठेवलं होतं, वर पावतीचा नंबर.

"तुमचा कोट आहे कळल्यावर मी खिसा जपून तपासला," लाँड्रीबाई म्हणाल्या. इस्त्री त्यांनी हातातच धरली होती. "कागद पिवळा आहे एवढं दिसलं. उघडला नाही. सकाळी नऊपासून तो तिथे उभा आहे आणि मी तीन शर्टांच्या कॉलरी जाळल्या आहेत."

"त्यातला एक माझा," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"भरून देईन म्हटलं ना." त्यांनी काकांकडे पाहिलं. "वाचा आता."

काकांनी पाकीट हातात घेतलं, फोडलं आणि थबकले. "वर गोपनीय लिहिलंय हो. लेखकाला दाखवता येत नाही. नियम आहे."

"मलाही नियम आहे. सकाळपासून पाळलाय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गिऱ्हाइकं दोघांकडे. मग काकांची नजर गल्ल्यावरच्या टेलिफोनवर गेली, आणि भिंतीवरच्या घड्याळावर. बारा वाजून गेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की ताईने पाहिलं असतं तर तिने आधी शेगडी बंद केली असती.

"मला मालकांना फोन करायचाय," ते म्हणाले. "उशीर झाला म्हणून. त्यांना जरा कमी ऐकू येतं. मोठ्याने बोलावं लागेल."

लाँड्रीबाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग शहाण्या मुलीसारख्या पाठ फिरवून इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हॅलो," काका ओरडले. "मालक, फॉर्म वाचून दाखवतो. आवाज: तिसऱ्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच बाईंचा. भाड्याचा माणूस निघून गेला. मांडणी: नियम आधी खुपतो, मग कळतो. माझी सूचना चुकीची होती, लेखिकेचं बरोबर. बालपण अकरा पानं. शाळेतल्या खिशांचा भाग नवीन, उत्तम. नावीन्य: दुसरं असं नाही. तयारी: एक वाक्य सोडून तयार. पान एकशेसाठवर अजून एक उपदेश लपून बसलाय, त्याला बाहेर काढा."

पाठमोऱ्या बाईंनी मान हलवली. कोणतं ते त्यांना ठाऊक असावं.

पलीकडून मालक काहीतरी म्हणाले.

"नाही," काका म्हणाले. "'विचार व्हावा' लिहिलेलं नाही. नाही हो, कुठेच नाही, हवं तर शेवटून वाचतो." मग त्यांनी श्वास घेतला. गिऱ्हाइकांनीही घेतला. "पहिला चौकोन. घ्यावे."

फोनमध्ये मालकांनी पुन्हा काही विचारलं, आणि काकांचा चेहरा लाल झाला.

"खुर्ची ना?" ते म्हणाले. "या वेळी जमिनीवरच बसलो होतो. म्हटलं, पडायला नको."

तेवढ्यात ते शर्टवालं गिऱ्हाईक हळूच पुढे आलं आणि लाँड्रीबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणालं, "बाई, चौथी कॉलर."